चटई एकच, दिवस पाच

“ताई, तुमच्या इन्स्टाग्रामवरच्या आमसुलांच्या पोस्टमध्ये बोटाने सरकवत गेलं तरी मागची चटई कुठे तुटत नाही. पाच फोटो असे सलग कसे येतात? एकच लांब फोटो काढून कापता का?”

कापते एक, पण काढते आठ. आठ फोटो जोडून एक लांब पट्टा होतो आणि त्याचे पाच तुकडे पडतात. त्याच्याही आधी चटई मांडायची असते. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, म्हणून तिथूनच सांगते.

आमचा गट वेंगुर्ल्याजवळ रातांब्यांची आमसुलं आणि आगळ करतो. एप्रिल संपत आला की पाऊस येईपर्यंत खळ्यात रोज नवी रास पडते. रातांबे धुवायचे, फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा. गरात मीठ घातलं की रस सुटतो. साली त्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. याला आम्ही पुट देणं म्हणतो. ऊन कडक असलं तर चार पुटं होऊन पाचव्या दिवशी आमसूल तयार होतं. रोज नवी रास असल्यामुळे मे महिन्यातल्या कुठल्याही सकाळी पाचही दिवसांचा माल आमच्या खळ्यात एकाच वेळी हजर असतो. हे रोज डोळ्यांसमोर होतं आणि तरी फोटोत आणायचं मला दोन वर्षं सुचलं नाही.

त्याआधी मी मागे समुद्र लावत असे. संध्याकाळचा किनारा पाच फोटोंत ताणायचा आणि पुढे पाकीट ठेवायचं. दिसायला छान दिसे, पण तिसऱ्या फोटोनंतर बघणाऱ्याला नवं काही मिळत नसे. पहिल्या फोटोतला समुद्र आणि पाचव्यातला समुद्र यांत काही घडलेलंच नव्हतं. शिवाय समुद्राचे स्वतःचे त्रास आहेत. क्षितिज नुसतं एक अंश कललेलं असेल तर एका फोटोत ते लक्षात येत नाही, पण 5400 पिक्सेलच्या पट्ट्यात शेवटपर्यंत 94 पिक्सेल चढतं. गुळगुळीत आकाशात सांध्यावरचा किंचितसा रंगबदलही उघडा पडतो, कारण अपलोड करताना प्रत्येक फोटो वेगवेगळा दाबून लहान केला जातो. चटईची वीण आणि सालींच्या सुरकुत्या असा फरक पोटात घेतात.

तर आता चटई. इन्स्टाग्रामला उभा फोटो मी 1080 गुणिले 1350 पिक्सेल ठेवते. असे पाच शेजारी शेजारी लावले की 5400 गुणिले 1350, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर चौपट. म्हणून खळ्यात मांडणीही चौपट करते, 12 फूट लांब आणि 3 फूट रुंद. चटईच्या कडेने सुतळी ताणायची आणि दर साधारण 29 इंचांवर एक गाठ मारायची. जिथे गाठ, तिथे फोटोंचा सांधा. हे आधीच ठरलेलं असलं की नंतर संगणकावर बसून काय कुठे तुटतंय ते शोधत बसावं लागत नाही.

गाठ नव्हती त्या वर्षी काय झालं ते सांगते. आमच्या काकी साली पसरत होत्या आणि त्यांचा बांगड्यांचा हात नेमका दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोच्या सांध्यावर आला. सरकवताना तो हात फार सुंदर दिसे. पण बोट थांबलं की दुसऱ्या फोटोत नुसतं कोपर आणि तिसऱ्यात मनगटापासून तुटलेला पंजा. काकींनी फोन हातात घेतला आणि विचारलं, “माझो हात खंय गेलो?” लोक सरकवतात क्षणभर आणि थांबतात एका फोटोवर. म्हणून थांबल्यावर प्रत्येक फोटो आपापला पुरा वाटला पाहिजे. हात, चेहरा, अक्षरं, पाकिटाची कड यांतलं काहीही गाठीच्या आसपास येऊ देत नाही. गाठीवर काय चालतं? अर्धा रातांबा चालतो, पसरलेल्या साली चालतात. ते तुटले तरी डोळ्याला तुटल्यासारखे वाटत नाहीत, आणि पलीकडे अजून आहे हे मात्र कळतं.

रंग गाठीवर बदलायचा नाही, ही दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. पहिल्यांदा मी प्रत्येक फोटोत एका दिवसाचा माल बरोबर गाठीपर्यंत भरला. पाच चौकटी अगदी नीट दिसल्या आणि सलगपणा गेला, कारण नजर सांध्यावर अडायला लागली. आता नव्या दिवसाचा माल गाठीच्या वीतभर अलीकडेच सुरू करते. म्हणजे टवटवीत लाल रातांब्यांच्या फोटोत उजव्या काठाला फोडलेल्या, ओल्या साली डोकावतात. त्या ओल्या सालींच्या फोटोत उजवीकडे पहिल्या पुटाची चकाकी दिसते. पुढे सुरकुतलेल्या जांभळ्या साली, आणि शेवटी काळपट, मऊ आमसूल. उजव्या काठाची ती वीतभर जागाच बोटाला पुढे नेते. “पुढे सरकवा” असा बाण मी काढत नाही.

फोटो काढायची वेळ सकाळी नऊच्या सुमारास. दुपारी डोक्यावरच्या उन्हात रसातल्या साली आरशासारख्या चमकतात आणि त्यांचा रंगच जातो. सूर्य माझ्या समोर येईल अशा बाजूला उभी राहते, म्हणजे माझी सावली मागे पडते, चटईवर नाही. फोन उभा धरून, हात लांब करून, चटईपासून साधारण साडेतीन-चार फुटांवर, कॅमेरा अगदी सरळ खाली. दर दीड फुटाला एक पाऊल आणि एक फोटो, असे आठ. शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सारखाच येतो आणि जोडणीला तेच लागतं. पहिल्या फोटोआधी स्क्रीनवर बोट दाबून उजेड आणि फोकस कुलूपबंद करते. नाहीतर लाल रातांब्यांवर फोन एक उजेड धरतो आणि काळ्या आमसुलांवर दुसरा, आणि जो काळेपणा दाखवायचा तोच उजळून जातो. सगळं चार-पाच मिनिटांत उरकायचं, कारण सावल्या थांबत नाहीत.

फोनचा पॅनोरमा का नाही, असंही बरेच जण विचारतात. पॅनोरमा धरून चालतो की माणूस एका जागी उभा राहून फोन गोल फिरवतो आहे. तसं केलं तर चटईची सरळ कड धनुष्यासारखी वाकते. मी फिरत नाही, सरकते. सपाट जमिनीवर सरकत काढलेले फोटो एकमेकांवर चपखल बसतात, पण उंची आली की घोटाळा. टोपली दोन जागांहून काढली तर एकात तिची डावी बाजू दिसते, दुसऱ्यात उजवी, आणि जोडल्यावर टोपलीला दोन काठ फुटतात. म्हणून टोपली फक्त पट्ट्याच्या डाव्या टोकाला ठेवते, एकाच फोटोतून घेता येईल अशी. जोडायला फोटोशॉपमधलं Photomerge वापरते आणि त्यात Collage निवडते. हातातला फोन थोडा तिरका झालेला असतो, तेवढं ते फिरवून जुळवतं, पण कडा वाकवत नाही.

पाकीट मात्र वेगळं काढून पाचव्या फोटोत बसवावं लागतं, कारण चटईवर ते हवं तेवढं मोठं दिसत नाही. इथे एकदा माझी चूक झाली. पाकिटाचा फोटो संध्याकाळी काढला होता. चटईवर प्रत्येक सालीची सावली खालच्या कडेकडे आणि पाकिटाची वर. कुणी नेमकी चूक सांगितली नाही, पण दोघीतिघींनी पाकीट “चिकटवल्यासारखं” वाटतं म्हटलं. तेव्हापासून पाकीटही त्याच सकाळी, त्याच चटईवर, त्याच बाजूने काढते.

रंग, उजेड, धार, अक्षरं, जे काही करायचं ते अखंड पट्ट्यावरच. कापल्यानंतर एखाद्या तुकड्याला फिल्टर लावला की त्याचा शेजाऱ्याशी असलेला संबंध तुटलाच. फिल्टरने कडा काळोख्या केल्या तर प्रत्येक सांध्यावर उभी काळी पट्टी येते. पट्ट्याची रुंदी बरोबर 5400 आहे ना, ते कापण्याआधी बघायचं. 5397 असेल तर पाचाने भागल्यावर अपूर्णांक उरतो, आणि कापून झाल्यावर तुकडे 1080 ला ताणताना काही प्रोग्रॅम काठाला केसाएवढी फिकट रेघ सोडतात. मी कापते ते ImageMagick या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, आणि लगेच तुकडे पुन्हा जोडून बघते:

```
magick patta.png -crop 5x1@ +repage amsul_%d.png
magick amsul_?.png +append jodun.png
```

तुकड्यांचे नंबर शून्यापासून चारपर्यंत येतात. `jodun.png` मध्ये रेघ दिसली तर दोष पट्ट्यात किंवा कापण्यात. तिथे दिसली नाही आणि फोनच्या गॅलरीत दिसली, तर घाबरू नका. गॅलरी दोन फोटोंमध्ये स्वतःची फट ठेवते, इन्स्टाग्राम ठेवत नाही. प्रोफाइलवर मात्र पहिला फोटो 3:4 मध्ये दिसतो, म्हणजे 1080 मधले दोन्ही बाजूंचे साधारण 34-34 पिक्सेल तिथे झाकले जातात. पहिल्या फोटोवर नाव लिहायचं तर त्याच्या बरंच आत लिहा.

शेवटची तपासणी काकींची. या मे महिन्यात मी पाचही फोटो खाजगी अकाउंटवर टाकून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने हळूहळू सरकवलं, सांध्यांवर मुद्दाम थांबल्या, काही बोलल्या नाहीत. चौथ्या फोटोवर मात्र परत मागे आल्या. “ह्यो चौथ्या दिसाचो माल नाय, तिसऱ्याचो आसा. कडा अजून ओल्यो दिसतत.” मी खळ्यात जाऊन टोपल्या बघितल्या. मांडताना दोन टोपल्यांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी पुन्हा ताणली.