आमची वाटचाल: रॉकेलच्या स्टोव्हपासून पाइपच्या गॅसपर्यंत

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमच्या वडिलांनी स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक यायचं ते रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह पिशवीत घालून. वॉशर बदलायचा, टाकीला झाळ लावायची, निपलमध्ये पिन फिरवायची, एवढंच काम. निपलच्या बाबतीत मात्र वडील फार कडक होते. पिन मळ काढण्यापुरती, भोक मोठं करायला नाही, असं ते दुकानात कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला बजावायचे. भोक सुटलेलं निपल ते फेकून द्यायचे आणि नवं घालायचे.

पुढे घराघरांत सिलिंडर आले आणि आम्ही शेगड्यांकडे वळलो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पेठेत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर कित्येक आठवडे आमच्याकडे फक्त गाळ भरलेल्या शेगड्या येत होत्या. बर्नर उकळत्या पाण्यात घालायचे, मिक्सिंग ट्यूब ब्रशने साफ करायची, कॉक खोलून ग्रीस भरायचं आणि जेट सरळ बदलायचे, कारण गाळाने घासलेल्या भोकाचा भरवसा नसतो. त्या वेळी जेटचा मोठा साठा करून ठेवायची सवय लागली आणि पाइपचा गॅस आल्यावर तीच उपयोगी पडली. आज आमचं निम्मं काम शेगडी सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर आणि पाइपवरून परत सिलिंडरवर आणण्याचं आहे.

या कामातली एकच गोष्ट नीट सांगायची आहे, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ती गोष्ट म्हणजे जेट. बर्नरच्या खाली, कॉकच्या तोंडाशी बसवलेला पितळेचा हा तुकडा करंगळीच्या नखाएवढा असतो आणि त्याच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. किती गॅस बाहेर पडणार हे ते भोक ठरवतं. गॅस जाताना बाजूची हवा किती ओढून घेणार, हेही बरंचसं त्यावरच ठरतं.

विश्रामबागेतल्या एका घरचं उदाहरण देतो. नवं पाइपचं कनेक्शन होतं, शेगडी जुनीच, दोन बर्नरची. काकू म्हणाल्या, "अहो, या गॅसला जोरच नाही. दूध तापायला दुप्पट वेळ लागतो. सिलिंडरच बरा होता." ज्वाला निळी होती, पण बुटकी, भांड्याच्या बुडाला जेमतेम टेकणारी. नॉब सिमवर नेला की हलक्या वाऱ्यानेही विझायची.

आम्ही आधी शेगडीला हात लावला नाही, मीटर बघितलं. घरगुती मीटरवर लाल चौकटीतले आकडे लिटर दाखवतात. घरातला बाकी गॅस बंद ठेवून एकच बर्नर पूर्ण मोठा केला आणि घड्याळ लावलं. त्या मापाच्या बर्नरला, म्हणजे सुमारे दोन किलोवॉटच्या, तासाला साधारण २०० लिटर पाइपचा गॅस लागतो. म्हणजे तीन मिनिटांत दहा लिटर जायला हवेत. गेले पाचच्या आसपास. मग पारदर्शक नळीत पाणी भरून केलेलं आमचं मापक लावलं. बर्नर चालू असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात २१ सेंटीमीटरचा फरक आला. दाब बरोबर होता, लाइनमध्ये काही दोष नव्हता. बर्नर उचलून जेट काढला तर तो सिलिंडरचाच होता. कनेक्शन देताना नळी जोडली गेली, जेट तसेच राहिले.

बरोबर निम्मा गॅस का गेला, याचा हिशेब सोपा आहे. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, जड आणि ऊर्जेने गच्च भरलेले. पाइपमध्ये मुख्यतः मिथेन असतो, हलका आणि विरळ. एक घनमीटर सिलिंडरच्या गॅसमधून जेवढी उष्णता मिळते, तिच्या साधारण एक तृतीयांशच एक घनमीटर पाइपच्या गॅसमधून मिळते. फक्त तेवढंच पाहिलं तर ज्वाला तिसऱ्या हिश्शावर यायला हवी होती. पण हलका गॅस त्याच भोकातून पावणेदोन पट वेगाने सुटतो, त्यामुळे थोडी भरपाई होते. त्यात सिलिंडरचा घरगुती रेग्युलेटर पाण्याच्या ३० सेंटीमीटर उंचीएवढा दाब देतो आणि पाइपचा २१ एवढाच, त्यामुळे पुन्हा थोडी घट होते. तिन्ही गोष्टी मिळून उत्तर येतं जवळपास निम्मं. मीटर तेच सांगत होतं.

म्हणजे त्याच बर्नरवर तेवढीच आच हवी, तर भोकाचं क्षेत्रफळ दुप्पट लागतं. इथे बरेच जण फसतात, कारण क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे व्यास दुप्पट नव्हे. व्यास सुमारे १.४ पट पुरतो. सिलिंडरसाठी ०.७० मिलिमीटरचा जेट असेल तर पाइपच्या गॅसला १.०० मिलिमीटरच्या आसपास येतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. दोन जेट तळहातावर शेजारी ठेवले तरी गिऱ्हाइकाला सारखेच वाटतात. म्हणून आम्ही ते वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, आणि बसवण्याआधी मापाची तार भोकातून घालून बघतो.

काकूंच्या शेगडीचे दोन्ही जेट बदलले. मोठ्या आणि लहान बर्नरचे जेट वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. नंतर मीटर पुन्हा बघितलं, तीन मिनिटांत दहा लिटरला थोडं कमी. ज्वाला उंच झाली, आतला निळा शंकू धारदार दिसू लागला आणि गॅसला जोर नाही ही तक्रार तिथेच संपली.

सिमचं काम मात्र राहिलं होतं आणि बऱ्याच ठिकाणी तेच राहून जातं. साध्या शेगडीत नॉब सिमवर नेला की गॅस कॉकच्या आतल्या एका बारीक भोकातून जातो. जेट कितीही मोठा केला तरी सिमची आच त्या आतल्या भोकावर ठरते आणि ते सिलिंडरच्या मापाचं असतं. हॉबमध्ये त्यासाठी छोटा स्क्रू असतो, तो जुळवून घेता येतो. साध्या शेगडीत पाइपच्या गॅसचा कॉकच घालावा लागतो. आम्ही तो बदलायचा आग्रह धरतो, कारण विझलेली ज्वाला दिसली नाही तर कॉक उघडाच राहतो आणि आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत ज्वाला विझली की गॅस बंद करणारी सोय नसते. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर छताकडे जातो, सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपच्या गॅसवाल्या स्वयंपाकघरात वरचं व्हेंटिलेटर उघडं असलंच पाहिजे.

आता ड्रिलचं. नवा जेट कशाला, आहे त्याच जेटला बारीक ड्रिल मारून भोक मोठं करून देतो, असं सांगणारे खूप भेटतात. काम मिनिटभराचं, पैसेही कमी. पण हाताने धरलेल्या ड्रिलने पितळेत गोल भोक पडत नाही. ते लंबगोल होतं, कडेला काटा राहतो आणि अक्ष तिरका होतो. गॅसची धार मिक्सिंग ट्यूबच्या मधून जायच्याऐवजी भिंतीवर आपटते आणि हवा नीट ओढली जात नाही. मग बर्नरच्या एका बाजूला ज्वाला उंच, दुसऱ्या बाजूला बुटकी अशी दिसते. आमच्याकडे अशी शेगडी आली की आम्ही जेट भिंगाखाली धरून गिऱ्हाइकालाच दाखवतो. आतला काटा स्पष्ट दिसतो, फार समजवावं लागत नाही.

सगळ्यात धोक्याचा प्रकार याच्या उलटा आहे. पाइपच्या गॅसवर केलेली शेगडी कुणीतरी गावाकडे पाठवतं, तासगावला सासरी किंवा शेतातल्या घरी, आणि तिथे ती सरळ सिलिंडरला जोडली जाते. आता हिशेब पालटतो. दुप्पट भोकातून जड, ऊर्जेने भरलेला गॅस येतो आणि आच जवळपास दुप्पट होते. ऐकायला बरं वाटतं, पण हवा कुठून येणार? एक भाग मिथेन पूर्ण जळायला सुमारे साडेनऊ भाग हवा पुरते. प्रोपेनला २४ आणि ब्युटेनला ३१ भाग लागतात. मोठ्या भोकातून सुटलेला गॅस त्याच्या गरजेएवढी हवा ओढून घेऊ शकत नाही. ज्वाला पिवळी, लांब, भांड्याच्या कडेने वर चढणारी होते. पातेल्याच्या बुडाला मऊ काजळी बसते, डोळे चुरचुरतात. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला स्वतःचा वास नसतो, आणि थंडीत दारं-खिडक्या लावून बसलेल्या घरात तो जीव घेऊ शकतो.

असा फोन आला की आम्ही आधी एवढंच विचारतो, "मामा, शेगडी आधी कुठे वापरत होता?" पाइपच्या गॅसवर होती असं म्हणाले की शेगडी लगेच बंद करायला आणि खिडक्या उघडायला सांगतो. बर्नर घासून किंवा रेग्युलेटर बदलून हे सुटत नाही, कारण दोष भोकाच्या मापात आहे.

आमचं बदलीचं काम असं चालतं. गॅस मागून बंद करून नळीतला संपेपर्यंत बर्नर पेटता ठेवायचा. बर्नर आणि ट्यूब काढायची, जेट त्याच्या मापाच्या पान्याने सोडवायचा, पकडीने नाही, कारण पकडीने कडा मोडतात. जेटच्या आट्यांना कुठलाही चिकट पदार्थ लावायचा नाही, तो भोकात शिरतो. नवा जेट बसवून साबणाच्या पाण्याने कॉकचे सांधे तपासायचे. मग मोठी आच, सिम आणि नॉब झटकन मोठ्यावरून सिमवर आणून बघायचं. शेवटी मीटर. साध्या शेगडीला एवढं पुरतं. भडंगाच्या भट्ट्या किंवा हॉटेलचे बर्नर वेगळ्या दाबावर चालतात, तिथे घरगुती जेट घालून देण्याचं काम आम्ही घेत नाही.

काढलेले जेट आम्ही गिऱ्हाइकाला परत देतो. छोट्या पाकिटात घालून पाकिटावर 'सिलिंडर' असं लिहितो आणि कोणता मोठ्या बर्नरचा, कोणता लहान हेही. शेगडीच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरात 'पाइप गॅस' अशी चिठ्ठी चिकटवतो. शेगडी द्यायची, विकायची किंवा गावाला न्यायची असेल तर ते पाकीट घेऊन दुकानात यावं. जेट परत बसवून, गरज असेल तर कॉक बदलून, दुकानातल्याच सिलिंडरवर पेटवून दाखवतो आणि मगच शेगडी हातात देतो.