चोवीस गाण्यांची बेरीज आणि 2:57

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉलवाल्याने गाण्यांसाठी साडेबारा ते सव्वादोन एवढाच वेळ दिला होता, म्हणजे १०५ मिनिटं. मामाने निवडलेली गाणी तेवढ्यात बसतात का, हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हाताशी होते मामाने लॅपटॉपवरून पाठवलेले तीन स्क्रीनशॉट.

ते ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडले, की चित्रातला मजकूर निघतो. निघाला, पण गाणं, गायक आणि वेळ यांची पार खिचडी झालेली. मग प्रत्येक चित्राचे दोन तुकडे केले: एकात नावं, दुसऱ्यात फक्त वेळेचा रकाना. आता आकडे एकाखाली एक सरळ आले. गायकांच्या ओळी हातानेच उडवल्या. एवढ्याशा यादीसाठी फॉर्म्युला कोण शोधत बसणार! ओळी मोजल्या तर पंचवीस. मामाने स्क्रोल करताना एक गाणं दोन चित्रांत घेतलं होतं, ते एकदा काढलं.

एक्सेलमध्ये चिकटवून बेरीज केली. उत्तर आलं 2:57. तीन तास? मामाला फोन करून निम्मी गाणी काढायला सांगणारच होते, पण हिशेब पटेना. सरासरी चार मिनिटं धरली तरी चोवीस गाण्यांची शंभरेक मिनिटंच होतात.

गोम दोन ठिकाणी होती. एक्सेल 4:35 म्हणजे चार मिनिटं पस्तीस सेकंद असं समजत नाही, चार तास पस्तीस मिनिटं समजतं. बेरीज चोवीस तासांच्या पुढे गेली की घड्याळासारखं पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणून खरे ९८ तास ५७ मिनिटं मला 2:57 दिसत होते.

शिवाय एक गाणं बेरजेत आलंच नव्हतं. `=COUNT(B2:B25)` केलं तर उत्तर २३. रकाना नीट पाहिला, तर सगळे आकडे उजवीकडे चिकटलेले आणि एकच डावीकडे: `4:l5`. १ च्या जागी इंग्रजी एल! SUM अशा मजकुराला गुपचूप वगळतं, चूक दाखवतसुद्धा नाही. तो 4:15 केला आणि मग हे लिहिलं:

```
=SUM(B2:B25)/60
```

साठने भागलं की तासांची मिनिटं होतात आणि मिनिटांचे सेकंद. त्या चौकटीला कस्टम फॉरमॅट दिला `[h]:mm:ss`. चौकटी कंसामुळे तास चोवीसला पुन्हा शून्यावर येत नाहीत. आता दिसलं 1:43:12. म्हणजे १०३ मिनिटं १२ सेकंद.

"मग अजून एक बसेल की!" मामा म्हणाला. उरले होते १ मिनिट ४८ सेकंद, आणि यादीतलं सगळ्यात छोटं गाणंच २:५१चं होतं.