सव्वा सेकंद आणि तीन दिवस

दुपारी चारच्या सुमारास पुतणी वही घेऊन गच्चीत आली आणि म्हणाली, "काका, चंद्र दिसतोय." पूर्वेला खरंच अर्धा चंद्र होता, धुवून धुवून रंग उडालेल्या कापडासारखा. दिवसाचा चंद्र मला नेहमीच थोडा चुकून आल्यासारखा वाटतो. पण तिला चंद्राशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या वहीत गणित होतं: चंद्र ३,८४,४०० किलोमीटर दूर, प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, यानाचा वेग ताशी ३९,००० किलोमीटर, दोघांना किती वेळ लागेल?

तिने भागाकार करून टाकला होता. प्रकाशाला १.२८ सेकंद, यानाला ९.८६ तास. "बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, त्यात चुकण्यासारखं काय आहे? मी "हो" म्हणणारच होतो, पण ते नऊ पूर्णांक शहाऐंशी तास बुटात खडा जावा तसे टोचत राहिले.

लहानपणी अशाच एका गच्चीत मी आणि दादाने चंद्रावर बॅटरी मारली होती. बॅटरी जुनी, सेल त्याहून जुने. दादा बटण दाबायचा, सेकंद मोजायला "एकवीस" म्हणायचा आणि मान डोलवायचा, "पोचला." मी चंद्राकडे टक लावून बसायचो, की आता एक पिवळा ठिपका दिसेल. ठिपका काही दिसला नाही. दादाने सांगितलं की परत यायला अजून एक "एकवीस" लागतो, तू घाई करतोस. हे मात्र त्याने अगदी खरं सांगितलं होतं. १९६९ साली अपोलो ११ ने चंद्रावर एक आरसे बसवलेली चौकट ठेवली. पृथ्वीवरून तिच्यावर लेझर मारला की प्रकाश अडीच सेकंदांनी परत येतो. लेझरसारखा लेझर, पण तिथे पोचेपर्यंत तोही काही किलोमीटर पसरतो, आणि परत येतात ते अगदी मोजके कण. आमच्या बॅटरीची काय कथा!

गंमत अशी, की ती ३,८४,४०० ची सरासरी आज इतकी नेमकी ठाऊक आहे ती याच अडीच सेकंदांमुळे. वेळ मोजायची, निम्मी करायची, प्रकाशाच्या वेगाने गुणायची. म्हणजे पुतणीचं गणित उलट्या बाजूने आधीच कुणीतरी करून ठेवलंय. तिने फक्त गुणाकाराचा भागाकार केला.

प्रकाशाच्या बाबतीत हे चालतं, कारण प्रकाशाला एकच वेग. निघताना तोच, वाटेत तोच, पोचताना तोच. तो दमत नाही आणि कुणी त्याला मागे ओढत नाही. यानाचं तसं नाही. गणितातले ताशी ३९,००० काही खोटे नाहीत, अपोलो ११ पृथ्वीभोवतीची कक्षा सोडून चंद्राच्या वाटेला लागलं तेव्हा त्याचा वेग साधारण तेवढाच होता. पण तेव्हा म्हणजे त्या क्षणाला. इंजिन बंद झालं आणि पुढचा सगळा प्रवास वर फेकलेल्या दगडाचा. पृथ्वी मागून ओढत राहते आणि दगड मंदावत जातो. एक लाख किलोमीटर पार होईतो वेग ताशी नऊ हजारांवर आला. चंद्राची ओढ पृथ्वीपेक्षा वरचढ होते त्या जागी पोचला तेव्हा तो जेमतेम तेहतीसशे उरला होता. तिथून पुढे चंद्र ओढायला लागला आणि यान पुन्हा वेग घेऊ लागलं.

मी वहीच्या मागच्या पानावर खरा भागाकार मांडला. वाटेला लागल्यापासून चंद्राच्या कक्षेत शिरेपर्यंत ७३ तास. ३,८४,४०० भागिले ७३, म्हणजे ताशी पाच हजारांच्या थोडं वर. एकोणचाळीस हजार कुठे आणि पाच हजार कुठे! आणि हे पाच हजारही यान पोचल्यावरच कळतात. आधी वेळ मोजायची, मग त्यावरून वेग काढायचा, आणि मग मुलांना त्या वेगावरून वेळ काढायला लावायची.

"मग जास्त जोरात सोडायचं ना," पुतणी म्हणाली. सोडता येतं. २००६ मध्ये प्लूटोकडे निघालेलं न्यू होरायझन्स नऊएक तासांत चंद्राच्या कक्षेपलीकडे गेलं. पण त्याला तिथे उतरायचं नव्हतं, हातही हलवायचा नव्हता. ज्याला थांबायचंय त्याने जोरात जाऊन चालत नाही, कारण तिथे हवा नाही. ब्रेक लावायचा तर इंजिनानेच, आणि त्याचं इंधन पृथ्वीवरून वाहून न्यायचं. अपोलो ११ ने चंद्राच्या पाठीमागे जाऊन सुमारे सहा मिनिटं इंजिन चालवलं, तेव्हा कुठे ते कक्षेत राहिलं. ते चाललं की नाही हे यान चंद्रामागून बाहेर येईपर्यंत पृथ्वीवर कुणालाच कळणार नव्हतं. जितका वेग जास्त, तितका हा ब्रेक महाग.

आणि चांद्रयान-३ घ्या. १४ जुलै २०२३ ला उडालं, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत. बावीस दिवस. पुतणीच्या पद्धतीने भागाकार केला तर वेग येतो ताशी सातशे-सव्वासातशे. प्रवासी विमानापेक्षा कमी! मी हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघंही हसलो. अर्थात यान रांगत नव्हतं. ते पृथ्वीभोवतीच लंबगोल घिरट्या घालत होतं, दर वेळी पृथ्वीजवळ आलं की इंजिन चालवून पुढची घिरटी लांबवत होतं. एकदम उडी मारण्याइतकं मोठं रॉकेट नसलं की असं झोके घेत जावं लागतं. चंद्राची खरी वाट धरली ती १ ऑगस्टला. म्हणजे चार-पाच दिवसच.

मला मात्र अजून ते १.२८ च आठवत राहतं. अपोलोच्या जुन्या ध्वनिफितींत काही ठिकाणी ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातला माणूस बोलतो आणि मग त्याचंच वाक्य बारीक आवाजात परत येतं. अंतराळवीराच्या कानातला आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरून परत निघालेला. जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. तो माणूस बोलायचा थांबतो, आणि अडीच सेकंदांपूर्वीचा तोच चार लाख किलोमीटरवरून बोलतो. तीन दिवसांच्या वाटेवर माणसं बसलेली, आणि त्यांच्याशी बोलायला एका उसाशाचा वेळ.

मी हिशेब केला, यान एकदा पोचेपर्यंत प्रकाश दोन लाख वेळा पोचला असता. हे पुतणीला सांगायला वळलो, तर ती ९.८६ च्या खाली दोन रेघा मारत होती.

"खाली तीन दिवस लिही," मी म्हटलं.

"काका, गणितात असं नसतं," ती म्हणाली आणि वही मिटून खाली गेली.