दोन वाक्यांचं कार्ड

ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. आत तळहाताएवढं कार्ड आणि त्यावर दोनच वाक्यं होती. मीटिंगमध्ये त्यांचं बोलणं मधेच तोडलं गेलं तेव्हा मी 'त्यांचं पूर्ण होऊ द्या' म्हटलं होतं, त्याबद्दल आभार, हे पहिलं. दुसऱ्यात लिहिलं होतं, की मी ते आवाज न चढवता म्हटलं, म्हणून कोणाचा अपमान झाला नाही. ती मीटिंग मी विसरूनही गेले होते. घर सोडून इकडे आल्यापासून अशी कार्डं पुष्कळ पाहिली, पण हे वाचून मी चांगलीच हलले.

तोवर मला या कार्डांचा राग यायचा, आणि तो पुरता गेलेला नाही. घरी लिहायचं तर मी पानंच्या पानं लिहिते. मनात असतं तेवढं कागदावर यावं असं मला वाटतं, आणि त्यात मला आजही काही वावगं दिसत नाही. पानभर पत्रात एखादं वाक्य फसलं तर पुढचं वाक्य सावरून घेतं. कार्डावर ती सोय नाही. त्यातून जी कार्डं आतला मजकूर छापूनच विकायला ठेवतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. आधीच कोणाची तरी यमक जुळवलेली चार ओळींची कृतज्ञता, आणि तुम्ही खाली फक्त सही करायची. ज्याचे आभार मानायचे त्याचं नावसुद्धा त्यात नाही. जागा थोडी म्हणून वाईट वाटत नाही. असलेली थोडी जागाही परक्याच्या शब्दांनी अडवलेली असते, याचं वाटतं. आतून कोरं असलेलं कार्ड शोधायला दोन दुकानं जास्त हिंडावी लागली तरी हिंडावं, असं माझं ठाम मत आहे.

त्या पाकिटानंतर थोड्याच दिवसांनी माझ्यावरच लिहायची वेळ आली. एका मंगळवारी रात्री नवऱ्याला मूतखड्याची कळ उठली. ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि झोपलेल्या लेकीला, ओवीला, उचलून मी खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार वाजवलं. काकू आपल्यातल्याच, मराठी. त्यांनी काही न विचारता तिला आत घेतलं. सकाळी आम्ही परत आलो, सगळं ठीक झालं. तेव्हा ओवीने सांगितलं, की काकूंनी दिवा बंद केला, ती रडली नाही पण उठून बसली, आणि मग काकूंनी तो पुन्हा लावला आणि पहाटेपर्यंत बंदच केला नाही.

काकूंना कार्ड द्यावं की नाही, यावर नवरा आणि मी बराच वेळ बोललो. त्याचं म्हणणं, आपल्या माणसाला कार्ड दिलं तर परकं वाटेल. माझं म्हणणं, दारात उभं राहून घाईने म्हटलेलं हवेत विरून जातं आणि लिहिलेलं राहतं. या भीतीवर झालेला एक अभ्यासही मला माहीत होता. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१८ च्या कामात आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांना आणि ती मिळालेल्यांना वेगवेगळं विचारलं. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं, तेवढं वाचणाऱ्यांना झालंच नाही. आनंद मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. लिहिणारा शब्द नीट जमतायत का याची काळजी करत बसतो, आणि वाचणाऱ्याला त्यातली माया दिसते. हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, "लिही मग."

माझ्याकडचं कार्ड ७४ बाय १०५ मिलिमीटरचं होतं, आडवं उघडणारं. चारी बाजूंनी एक सेंटिमीटर सोडला की लिहायला ८५ बाय ५४ उरतात. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे एका ओळीला नऊ मिलिमीटर तरी लागतात, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. म्हणजे सहा ओळी. एक 'प्रिय काकू'ला, एक आमच्या नावांना. उरल्या चार. माझ्या हस्ताक्षरात एका ओळीत सहाएक शब्द बसतात, तेव्हा हातात चोवीस-पंचवीस शब्द. दोन वाक्यं ही काही कोणी घालून दिलेली शिस्त नाही, जागेचा हिशेबच तेवढा आहे. कार्डाच्या मापाचा कच्चा कागद कापून घेतला आणि त्यावरच लिहायला बसले. मोठ्या वहीत जुळवलेली वाक्यं कार्डावर उतरवताना शेवटच्या ओळीत अक्षर बारीक होत जातं आणि कडेला चढतं, आणि वाचणाऱ्याला पहिली दिसते ती दाटीच.

पहिल्यांदा हाताखाली आलं ते असं: "त्या रात्री तुम्ही आमच्यासाठी जे काही केलंत त्याबद्दल आम्ही तुमचे शतशः ऋणी आहोत. तुमचे उपकार कधीच विसरणार नाही, केव्हाही काही लागलं तर हक्काने सांगा." यातला प्रत्येक शब्द मी मनापासून लिहिला होता. तरी 'प्रिय काकू' खोडून दुसरं कोणतंही नाव घातलं असतं तरी हे जसंच्या तसं चाललं असतं. वाक्य पारखायला मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. नाव बदलून दुसऱ्याला पाठवता आलं, तर ते अजून त्या माणसापर्यंत पोचलेलं नाही. 'जे काही' या दोन शब्दांमागे सगळी रात्र दडून बसली होती. आणि 'काही लागलं तर सांगा' हा आभार नव्हेच, ती परतफेडीची बोली आहे. आभार वाचता वाचता काकूंना वाटावं, की आता हिशेब सुरू झाला. मला काकूंसाठी काही करायचंच असेल तर ते मी करीन, त्याला कार्डातली जागा कशाला?

'तुम्हाला अवेळी त्रास दिला' हेही मी मुद्दाम वगळलं. माफी लिहिली की वाचणाऱ्यावर उलट काम येतं, 'छे छे, त्रास कसला' म्हणायचं. उशिरा लिहिणाऱ्यांचंही असंच होतं. पंचवीस शब्दांतले दहा उशिराच्या कारणात जातात. उशीर झालेला पाहणाऱ्याला दिसतोच, तेव्हा सरळ आभाराने सुरुवात केलेली बरी.

मग दुसरा मसुदा: "मंगळवारी रात्री तुम्ही ओवीला ठेवून घेतलंत, म्हणून मला हॉस्पिटलमध्ये थांबता आलं. ती सुखरूप आहे हे माहीत असल्याने माझ्या जिवाला रात्रभर केवढा आधार वाटला." आता वार आला, काम आलं, त्याने काय झालं तेही आलं. नवऱ्याला हे पसंत होतं. मला मात्र दुसरं वाक्य खटकत राहिलं. ते वाचायला गोड आहे, पण त्यात काकू कुठे आहेत? माझा जीव, माझा आधार. मदत करणाऱ्याचं वाक्य मी स्वतःनेच भरून टाकलं होतं.

यावर मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१६ चं एक काम आहे. जोडीदार एकमेकांचे आभार मानताना नेमकं काय बोलतात, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. आभारात दोन धागे निघाले. एक, मला त्याचा काय फायदा झाला. दुसरा, तू जे केलंस त्यात तुझं काय चांगलं दिसलं. ऐकणाऱ्याला 'हिने मला ओळखलं' असं वाटण्याशी नातं होतं ते मुख्यतः दुसऱ्या धाग्याचं. माझ्या सहकारी बाईंचं 'आवाज न चढवता' मला का भिडलं, ते हे वाचल्यावर नीट उमगलं. फायदा त्यांचा झाला होता, पण त्यांनी पाहिलं होतं मला.

आता काकूंमधलं काय पाहिलं, हे लिहायचं होतं. 'तुम्ही किती प्रेमळ आहात' हे पुन्हा कोणालाही चालेल असं वाक्य. दिव्याची गोष्ट मात्र फक्त काकूंचीच होती. लिहिलं: "तिला अंधाराची भीती वाटते हे तुम्ही ओळखलंत आणि पहाटेपर्यंत दिवा चालू ठेवलात, इतकं लक्ष फार थोडी माणसं देतात." कच्च्या कागदावर हे पाचव्या ओळीत गेलं. काय कापायचं? मी शेवटचा तुकडा काढला. तो खरा होता, पण त्यासाठी बाकीच्या माणसांना मधे आणावं लागत होतं, आणि दिव्याने जे सांगून झालं होतं तेच तो पुन्हा सांगत होता. कार्डावर शेवटी उतरलं ते हे:

"मंगळवारी रात्री तुम्ही ओवीला ठेवून घेतलंत म्हणून मला हॉस्पिटलमध्ये थांबता आलं, त्याबद्दल मनापासून आभार. तिला अंधाराची भीती वाटते हे ओळखून तुम्ही पहाटेपर्यंत दिवा चालू ठेवलात."

चार ओळींत बसलं, शेवटची थोडी गच्च. 'आभार' एकदाच आहे आणि ते पहिल्या वाक्यातच आहे. ते शेवटी नेऊन पाहिलं, तर दिवा त्याच्यामागे झाकला जात होता. दुसऱ्या वाक्यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, आणि मला त्याची उणीव भासली नाही. एक सांगण्यासारखं: कार्ड गुळगुळीत असेल तर जेल पेनची शाई चटकन वाळत नाही, मिटल्यावर समोरच्या पानावर उमटते. मागच्या कोपऱ्यात एक रेघ ओढून थोड्या वेळाने बोट फिरवून पाहावं. माझी फिसकटली, म्हणून साध्या बॉलपेनने लिहिलं.

हे सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. ज्यांनी आपल्यासाठी वर्षानुवर्षं केलं, त्यांचं सगळं दोन वाक्यांत कोंबायला गेलं की पुन्हा 'जे काही' येतंच. तिथे एकच प्रसंग निवडता आला तर कार्ड, नाहीतर सरळ पत्र. माझ्या आईला मी अजूनही पानंच लिहिते आणि लिहीत राहीन. आणि ज्याची मदत चारचौघांत कळू नये असं त्याला वाटतं, त्याला देताना तपशील सांभाळावा, कारण कार्ड टेबलावर उभं राहतं आणि येणारा-जाणारा वाचतो.

काकूंनी कार्ड वाचून जिन्यात मला गाठलं आणि पहिलाच प्रश्न केला, "दिव्याचं तुला कसं कळलं गं?" ओवीने सांगितल्याचं मी म्हटलं. मग त्यांनी त्या रात्रीचं बाकीचं सांगितलं, ती कुशीवर कशी वळली, झोपेत काय बोलली, आणि मीही कार्डात न मावलेलं सगळं बोलून घेतलं, अगदी 'काही लागलं तर हक्काने सांगा' सकट.