चिठ्ठीवरचा ‘ओडी’ आणि वडिलांच्या थेंबांचे वेळापत्रक

वडिलांच्या काचबिंदूच्या औषधांची चिठ्ठी आणि बाटल्यांसोबतची माहितीपत्रके मराठीत लिहून काढण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा त्रास होईल तो वैद्यकीय भाषेचा, असा माझा समज होता. प्रत्यक्षात सारे काम अडले ते चिठ्ठीवरील दोन अक्षरांपाशी, आणि त्या अक्षरांचा खुलासा मिळवताना दवाखान्याच्या खिडकीवर जी टाळाटाळ झाली, तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चिठ्ठीवर दोन औषधे होती. लॅटानोप्रॉस्ट हे जुने औषध दोन्ही डोळ्यांत रात्री झोपताना एक थेंब, हे स्पष्ट लिहिलेले होते. त्याखाली नव्याने दिलेले टिमोलॉल 0.5 टक्के होते आणि त्यापुढे केवळ ‘एक थेंब, ओडी’ एवढेच होते. औषधांच्या चिठ्ठीत ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. परंतु नेत्रतपासणीच्या कागदांवर हीच अक्षरे लॅटिनमधील ‘उजवा डोळा’ या अर्थाने येतात. आमच्या कागदावर वरच्या बाजूला डोळ्यांच्या दाबाची नोंद होती, ‘ओडी 24, ओएस 17’, म्हणजे उजव्या डोळ्याचा दाब 24 आणि डाव्याचा 17. एकाच कागदावर वर उजवा डोळा आणि खाली दिवसातून एकदा, की दोन्ही ठिकाणी उजवाच डोळा, हे ठरवण्यास कसलाही आधार नव्हता. शिवाय दोन्ही अर्थ पटण्यासारखे होते. दाब उजव्या डोळ्याचा वाढलेला होता, त्यामुळे नवे औषध केवळ त्याच डोळ्यासाठी असणे शक्य होते. दुसरीकडे, टिमोलॉलचे साधे थेंब बहुधा दिवसातून दोनदा घालतात, तरी काही रुग्णांना एकदाच सांगितले जातात.

औषधविक्रेत्याने बाटलीवर ‘दिवसातून एकदा’ असे लिहून दिले. दवाखान्यातील साहाय्यिकेने फोनवर ‘उजव्या डोळ्यात’ असे सांगितले, मात्र किती वेळा, हे तिला सांगता आले नाही. डॉक्टरांना विचारून सांगा, अशी विनंती केल्यावर ‘पुढच्या तपासणीला या, तेव्हा विचारा’ असे उत्तर मिळाले. पुढची तपासणी काही महिन्यांनंतर होती. काचबिंदूत दाब वाढलेला असतानाही बहुतेकदा दुखत नाही आणि नेत्रतंतूंचे जे नुकसान होते ते भरून येत नाही, म्हणून ‘नंतर बघू’ हे उत्तर या आजारात चालणारे नाही. मी पुन्हा फोन केला, प्रत्यक्ष खिडकीवर गेलो, तेथे मला रांगेत उभे करून पुन्हा तेच ऐकवण्यात आले. ‘ओडी म्हणजे ओडी, सगळ्या औषधवाल्यांना कळते’ हे वाक्य तर मला आजही आठवते. दोन जाणकार माणसांनी दोन वेगळे अर्थ सांगितले असताना हे वाक्य उच्चारले जात होते.

शेवटी काम झाले ते प्रश्न विचारण्याची पद्धत बदलल्यामुळे. ‘ओडी म्हणजे काय’ असे विचारण्याऐवजी मी एका कोऱ्या कागदावर चौकटी आखल्या: औषधाचे नाव, कोणता डोळा (उजवा, डावा, दोन्ही), दिवसातून किती वेळा, कोणत्या वेळी, आणि जुने औषध चालू ठेवायचे की बंद करायचे. त्याखाली वडिलांच्या इतर सर्व गोळ्या लिहिल्या. हा कागद ‘डॉक्टरांनी फक्त खुणा कराव्यात’ अशा टिपेसह आत पाठवण्याचा आग्रह धरला. तो थोड्याच वेळात भरून परत आला: टिमोलॉल, केवळ उजवा डोळा, दिवसातून दोनदा, सकाळी 8 आणि रात्री 8; लॅटानोप्रॉस्ट पूर्ववत चालू. म्हणजे बाटलीवरील सूचना चुकीची होती आणि फोनवरील उत्तर अर्धवट होते. ज्यांच्या चिठ्ठीवर डोळा आणि वेळा अशा दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या नाहीत, त्यांनी खिडकी सोडण्यापूर्वीच असा कागद भरून घ्यावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

त्याच कागदाने आणखी एक गोष्ट उघड केली. वडील रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात. टिमोलॉलही त्याच गटातील औषध आहे आणि डोळ्यातील थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरून रक्तात जातो, त्यामुळे नाडी मंदावू शकते किंवा दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो. यादी पाहून डॉक्टरांनी वडिलांना आत बोलावले, दम्याविषयी विचारले, नाडी मोजली आणि औषध चालू ठेवून नाडीवर लक्ष ठेवण्यास सांगितले. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध डोळ्यात राहते आणि शरीरात कमी जाते, ही सूचनाही तेव्हाच मिळाली.

माहितीपत्रकाचे भाषांतर करताना ‘सावधगिरीने वापरावे’ यासारखी वाक्ये मी जशीच्या तशी घेतली नाहीत, कारण रुग्णाने नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी ‘धाप लागली, छातीत घरघर झाली, घेरी आली तर पुढचा थेंब घालण्याआधी लगेच फोन करा’ असे लिहिले. पापण्यांचे केस वाढणे किंवा बुबुळाचा रंग गडद होणे, हे लॅटानोप्रॉस्टमुळे होऊ शकते, ते ‘पुढच्या भेटीत सांगा’ या मथळ्याखाली गेले. ‘डोळा दुखत नाही म्हणून औषध बंद करू नका’ हे वाक्य मी सर्वांत वर ठेवले.

अक्षरांचा आकार हा वेगळाच धडा होता. दृष्टी कमी म्हणून मी प्रथम फार मोठी अक्षरे काढली, पण वडिलांच्या नजरेचा घेर आक्रसलेला असल्यामुळे त्यांना एका वेळी दोन-तीनच अक्षरे दिसत आणि ओळ हरवत असे. मध्यम आकाराची, जाड, काळी अक्षरे, पांढरा कागद, ओळीत तीन-चार शब्द आणि दोन ओळींत भरपूर जागा, हे त्यांना जमले. बाटल्या ओळखण्यासाठी टिमोलॉलच्या अंगाला एक जाड रबरबँड आणि लॅटानोप्रॉस्टला दोन लावले. टोपणांवर खूण केली नाही, कारण टोपणे अदलाबदल होतात. रात्री उजव्या डोळ्यात दोन्ही औषधे जवळजवळ घालायची असल्यास मध्ये किमान पाच मिनिटे थांबायचे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो, हेही वेळापत्रकातच लिहिले. बाटली उघडल्याची तारीख आणि माहितीपत्रकातील मुदतीप्रमाणे ती टाकून देण्याची तारीख बाटलीवरच चिकटवली.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. सर्दीच्या अनेक गोळ्यांवर ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ असे छापलेले असते आणि ते वाचून वडील घाबरले होते. ही सूचना प्रामुख्याने अरुंद कोनाच्या काचबिंदूसाठी असते, कारण त्यात बाहुली विस्फारली की डोळ्यातील द्रव बाहेर जाण्याचा कोन बंद होऊन दाब एकदम चढू शकतो. वडिलांचा काचबिंदू उघड्या कोनाचा आहे, पण ते चिठ्ठीवर कोठेही लिहिलेले नव्हते. त्यामुळे चौकटींच्या कागदावर ‘काचबिंदूचा प्रकार’ ही एक चौकट आणखी असावी, आणि त्या कागदाची प्रत वडिलांना तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. स्टेरॉइडचे थेंब मात्र काचबिंदूच्या कोणत्याही प्रकारात नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घालू नयेत, कारण त्यांनी दाब वाढू शकतो. ते वाक्य आमच्या कागदावर लाल चौकटीत नाही, तर जाड काळ्या अक्षरांत आहे, कारण वडिलांना लाल रंग फिका दिसतो.