टाकीचे घाव खरे, पण दगडावरचे का? दोन पांढऱ्या मूर्तींच्या तपासणीची नोंद

या वेळी टेबलावर दोन बैठ्या मूर्ती होत्या. दोन्ही वीतभर उंचीच्या, दोन्ही 'हाताने घडवलेला संगमरवर' म्हणून विकल्या गेलेल्या. पहिलीच्या पाठीवर दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा ठसठशीत होत्या. दुसरीवर छिन्नीची एकही खूण नव्हती, सगळीकडे गुळगुळीत पॉलिश. नुसत्या नजरेला पहिलीच जास्त 'हातची' वाटते.

म्हणून घावांकडे बघण्याआधी घनता काढली. बादलीभर पाणी वजनकाट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि मूर्ती दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायची. तळाला किंवा बाजूला टेकू द्यायची नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर मूर्तीचं आकारमान. पहिलीचं कोरडं वजन २१६० ग्रॅम, पाण्यात काटा १२३५ वर. भागाकार १.७५. संगमरवर २.७ च्या आसपास असतो, त्यामुळे हा भरीव दगड नाही हे तिथेच कळलं. मूर्ती आतून पोकळ असेल तर हा आकडा फसवतो. बैठकीला भोक असल्यास मूर्ती पाण्यात तिरकी करून आतली हवा आधी काढावी. रंगवलेली किंवा सोनेरी मुलामा दिलेली मूर्ती मात्र बुडवूच नये.

इथे बरेच जण आम्लाचा थेंब टाकून बघतात. माझ्या मते ती चाचणी बादच करावी. नकली मूर्ती साच्यात ओतायला जे रेझिन, म्हणजे घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव, वापरतात त्यात भर म्हणून बहुतेकदा संगमरवराचीच भुकटी घालतात, त्यामुळे फेस तिथेही येऊ शकतो. आणि मूर्ती खरी निघाली तर आपणच तिचं पॉलिश खाल्लेलं असतं.

आता त्या छिन्नीच्या रेघा. साचा मूळ मूर्तीवरचं सगळं उचलतो, घावसुद्धा. त्यामुळे घाव आहेत की नाहीत हा प्रश्नच चुकीचा. घावाच्या तळाशी काय आहे ते बघायचं. दहापट भिंग आणि बाजूने तिरका उजेड लागतो. खऱ्या संगमरवरावर पोलाद आपटलं की तिथले स्फटिक चिरडतात, आणि घावाचा तळ आजूबाजूपेक्षा जास्त पांढरा, पिठूळ दिसतो. कडेला बारीक टवके उडालेले असतात आणि तुटलेल्या स्फटिकांच्या सपाट बाजू उजेड फिरवला की चमचमतात. पहिल्या मूर्तीत यातलं काहीच नव्हतं. रेघांच्या कडा मऊ, तळ आणि माथा एकाच रंगाचे, आणि दोन रेघांच्या मध्ये टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे. ते हवेचे बुडबुडे. दगडात पोकळ्या असतात, पण अशा नेमक्या गोल नसतात.

बैठकीखाली मखमली कापड चिकटवलेलं होतं. मालकाच्या परवानगीने एक कोपरा उचलला. ओतीव द्रव साच्याच्या काठाशी जसा वर चढून घट्ट होतो तशी बारीक उंच कड तिथे सापडली, आणि घासकागदाचे गोल ओरखडे.

दुसरीचं वजन ३४२० ग्रॅम, आकारमान १२७०. घनता २.६९. शिवाय खांद्यावरून आत गेलेली करडी शीर पाठीवर नेमकी पोचेल तिथेच बाहेर आलेली होती. वरून रंगवलेली शीर अशी आरपार जात नाही. दगड खरा, यात मला शंका नाही.

प्रश्न हाताचा होता. बैठकीवर करवतीच्या समान रेघा आहेत, पण त्यावरून काहीच ठरत नाही. हाताने काम करणारे मूर्तिकारसुद्धा करवतीने कापलेला ठोकळाच घेतात. पुरावा सापडला काखेत आणि वस्त्राच्या खोल चुण्यांत, जिथे घासकागद पोचत नाही. तिथे अगदी बारीक, सारख्या अंतरावरच्या वरंब्या आहेत, आणि त्या आकाराची पर्वा न करता एकाच दिशेने चालतात: चुणी वळते, वरंब्या वळत नाहीत. माणूस छिन्नी किंवा कानस आकाराच्या वळणाबरोबर फिरवतो, अंतरही कमीजास्त होतं. दुसरी खूण अशी की चुण्यांचे आतले कोपरे सगळे सारख्याच गोलाईचे आहेत, म्हणजे फिरत्या गोल टोकाच्या हत्याराएवढे. छिन्नीने तिथे टोकदार कोन सहज काढता आला असता.

एक गोष्ट मात्र मशीनच्या खात्यात टाकता येत नाही. डोळ्यांच्या कडा आणि ओठांमधली रेघ टोकदार, किंचित वाकडी आहे आणि तिच्या तळाशी तो पिठूळ पांढरेपणा आहे. म्हणजे ढोबळ आणि मधलं काम सीएनसीचं, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीव मशीनचं, चेहऱ्याची अखेर हाताची. नोंदीत मी तिला 'संगमरवर, मशीन-कट, हाताने फिनिश' असं लिहिलं.

पुढची मूर्ती गुडघ्याखाली पूर्ण मोकळी कोरलेली आहे. 'मशीन आतून कोरू शकत नाही' हा जुना नियम तीन अक्षांच्या, म्हणजे हत्यार फक्त डावं-उजवं, मागे-पुढे आणि खाली-वर सरकवणाऱ्या मशीनपुरताच चालतो. रोबोटिक हात तिथेही पोचतो, तेव्हा तिथेही वरंब्याच शोधाव्या लागतील.