आमची वाटचाल: नफा वाढला आणि खातं आटलं

आमचा व्यवसाय यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा. सुरुवातीच्या वर्षांत काम येत गेलं, आम्ही करत गेलो. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. खरी गोष्ट मोठा ग्राहक मिळाला त्या वर्षाची. विक्री 240 लाखांवरून 360 लाखांवर गेली, निव्वळ नफा 30 लाख झाला. बँकेतली शिल्लक मात्र 34 लाखांवरून 4 लाखांवर आली.

पैसा कुठे गेला ते कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये ओळीने सापडतं. सुरुवात नफ्यापासून. 30 लाखांत आधी 8 लाखांचा घसारा परत मिळवायचा, कारण तो खर्च वहीत पडतो पण त्यापोटी त्या वर्षी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. झाले 38.

मग येते उधारीची ओळ. बिल फाडलं की विक्री आणि नफा लगेच वहीत चढतात, पैसे येतात तेव्हा येतात. पूर्वी ग्राहक सरासरी दोन महिन्यांत पैसे देत, म्हणजे 40 लाख बाहेर असायचे. नव्या ग्राहकाने 90 दिवसांची मुदत घेतली, ते पाहून जुन्यांनीही हात आखडला. वाढलेल्या विक्रीवर तीन महिन्यांची उधारी म्हणजे 90 लाख. फरक 50 लाखांचा, तो वजा. जास्त कामासाठी कच्च्या मालाचा साठा 20 लाखांनी वाढला, तोही वजा. पुरवठादारांची देणी 14 लाखांनी वाढली, तेवढा दिलासा. बेरीज उणे 18 लाख. वर्षभर धंदा जोरात चालला आणि त्यानेच रोकड खाल्ली.

त्यात 25 लाखांचं मशीन घेतलं. त्यासाठी 20 लाख कर्ज मिळालं, पण आधीच्या कर्जाचं 7 लाख मुद्दल फेडलं. व्याज नफा काढतानाच वजा झालेलं असतं. मुद्दल नफा-तोटा पत्रकात दिसतच नाही, म्हणून ते हमखास नजरेतून सुटतं. एकूण 30 लाख कमी झाले.

मुदत 60 दिवसच राहिली असती, तर उधारी 60 लाखांवर थांबली असती आणि उणे 18 ऐवजी 12 लाख हातात आले असते. तरीही नुसत्या वाढीपायी 20 लाख अडकलेच असते. म्हणून आता मोठी ऑर्डर घेताना मी नफ्याच्या टक्केवारीआधी मुदत विचारतो आणि कच्च्या मालापुरता ॲडव्हान्स मागतो. काही ग्राहक नाही म्हणतात. अशा वेळी ऑर्डर टप्प्याटप्प्याने घेतो, पहिल्या मालाचे पैसे आले की पुढचा माल.

दर तिमाहीला नफा आणि धंद्यातून आलेली रोकड शेजारी मांडून बघतो. रोकड जास्त दिसली तरी लगेच खूश होत नाही. आधी पुरवठादारांची देणी तपासतो. त्या वर्षीचे ते 14 लाख पुढच्या काही महिन्यांत द्यावेच लागले होते.